कोड तोच, पैसे कुणाचे?

(फोंडा येथे महिला बचत गटांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

गेल्या चवथीची गोष्ट सांगते. माटोळीच्या बाजारात माझी वहिनी सुपारीचा घड आणि दोन चिबडे घेऊन उभी होती. नवीन रुपे क्रेडिट कार्ड तिने आदल्याच आठवड्यात यूपीआय अॅपला जोडलं होतं. कोड स्कॅन केला, कार्ड निवडलं, तर पैसे जाईनात. विकणारी बाई म्हणाली, "बाये, माझा कोड बिघडला काय गो?" वहिनीने कार्डाऐवजी बचत खातं निवडलं आणि त्याच कोडवर पैसे लगेच गेले. कोड ठीक होता, कार्डही ठीक होतं.

बचत खात्यातून पैसे देता तेव्हा तुमचे स्वतःचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. समोरचा दुकानदार असो, भाऊ असो की भाडेकरू, बँकेला फरक पडत नाही. क्रेडिट कार्डाने देता तेव्हा पैसे बँकेचे असतात, आणि ती ते फक्त खरेदीसाठी उसने देते. म्हणून कार्डाचे पैसे व्यापारी म्हणून नोंदलेल्या कोडवरच जातात. त्या बाईचा कोड तिच्या साध्या बचत खात्याचा होता. तिथे कार्ड चाललं असतं, तर कुणीही ओळखीच्या माणसाला पैसे पाठवून त्याच्याकडून रोख घेतली असती. याच कारणाने कार्डातून मैत्रिणीला पैसे पाठवता येत नाहीत, आणि कार्डावर कुणाकडून घेताही येत नाहीत.

व्यापारी कोडवरसुद्धा काही वेळा कार्ड अडतं, कारण दुकानदाराने ती सोय घेतलेली नसते. बचत खात्यातून आलेल्या पैशांवर त्याला शुल्क पडत नाही. कार्डाच्या मोठ्या रकमेवर पडू शकतं. लहान व्यापाऱ्यांना 2,000 रुपयांपर्यंत सूट आहे. ते शुल्क गिऱ्हाइकाने द्यायचं नसतं. कुणी "कार्ड असेल तर वर दोन टक्के द्या" म्हणालं, तर सरळ बचत खातं निवडा.

जोडायची रीत दोन्हीकडे जवळपास सारखी आहे. ही सोय सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झाली, आणि ती रुपे कार्डासाठी आहे. कार्डावर दुसऱ्या कंपनीचं चिन्ह असेल, तर अॅपच्या यादीत ते दिसणारच नाही. बँकेकडे नोंदलेला मोबाइल नंबर आणि फोनमधलं सिम एकच हवं. अॅपमध्ये बँक निवडली की कार्ड सापडतं. मग कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीचा महिना-वर्ष आणि ओटीपी देऊन यूपीआय पिन ठरवायचा. तो बचत खात्याच्या पिनपेक्षा वेगळा ठेवा, असं मी आग्रहाने सांगते. घाईत चुकून कार्ड निवडलं गेलं, तर हाताच्या सवयीने टाकलेला पिन लागणार नाही आणि तुम्ही थांबाल.

हे थांबणं इतकं महत्त्वाचं का, तर बचत खात्याला स्वतःचा ब्रेक असतो. शिल्लक संपली की पैसे जात नाहीत. कार्डात "शिल्लक" म्हणून दिसते ती उरलेली उधारीची मर्यादा. ती आपली पुंजी नव्हे.

एक हिशेब मांडू. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरते. तुमच्या कार्डाचा दर त्याच्या कागदावर बघा. 6 ऑगस्टला चवथीसाठी 18,000 रुपयांचा फ्रीज घेतला. 10 तारखेला बिल आलं, भरायची शेवटची तारीख 30 ऑगस्ट. त्या दिवशी पूर्ण भरले असते, तर व्याज शून्य. पण अॅपने दाखवलेली किमान रक्कम, 900 रुपये, तेवढीच भरली. आता व्याज 30 पासून लागतं असं वाटेल. तसं नाही, ते खरेदीच्या दिवसापासून, 6 तारखेपासून लागतं. 30 ऑगस्टपर्यंतच्या 24 दिवसांचे साधारण 497, पुढच्या बिलापर्यंत 11 दिवसांचे 216, आणि व्याजावर 18 टक्के जीएसटीचे 128. एकूण सुमारे 842 रुपये. 10 सप्टेंबरच्या बिलात 17,942 रुपये देणं दिसेल. नऊशे भरले, आणि कर्ज कमी झालं अठ्ठावन्न रुपयांनी.

याहून वाईट पुढे आहे. मागचं देणं शिल्लक असताना त्याच कार्डाने भाजी-किराणा घेतला, तर त्यालाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत; घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. बाजारात दिवसाला चार-पाच वेळा कोड स्कॅन करणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना हे कळतच नाही, कारण फोनवर प्रत्येक वेळी तीच हिरवी खूण उमटते.

वहिनीने आता अॅपमध्ये बचत खातं पहिलं ठेवलं आहे. कार्ड ती महिन्याच्या किराण्यालाच निवडते, आणि पिन टाकण्याआधी पडद्यावर वर लिहिलेलं बँकेचं नाव आणि शेवटचे चार आकडे वाचते.