मीना दोनदा मोजली गेली

(पुण्यातल्या एका पालकसभेतील शिक्षिकेचे भाषण, संपादित)

दिवाळीच्या सुट्टीआधी मी तुम्हाला एक पत्र दिलं होतं. घरी बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न कसे घ्यावेत, असा विषय होता. त्यात एक वाक्य होतं, ‘कृपया घड्याळ लावू नका.’ त्यावर चार-पाच जणांनी मला गेटवरच गाठलं. ‘बाई, शिष्यवृत्तीच्या पेपरला घड्याळ असतंच ना!’ असतं. दुसऱ्या पेपरात दीड तासात ७५ प्रश्न, त्यातले ५० बुद्धिमत्तेचे. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. हा हिशेब मलाही येतो. तरीही ते वाक्य मी का लिहिलं, ते एकाच प्रश्नावरून सांगते.

एका रांगेत मीना डावीकडून ७वी आणि उजवीकडून १२वी आहे. रांगेत एकूण किती मुली?

माझ्या वर्गातल्या एका मुलाने घरी उत्तर दिलं, १९. बाबा म्हणाले, ‘चूक. बेरीज करायची आणि एक वजा करायचा. लक्षात ठेव.’ त्याने ठेवलं, १८ लिहिलं, पुढचे चार प्रश्न बरोबर आले. घरात सगळे खूश.

आठवड्याने वर्गात मी विचारलं : रांगेत २० मुलं. अजय डावीकडून ६वा, विजय उजवीकडून ५वा. दोघांच्या मध्ये किती? त्याने २० मधून ६ आणि ५ वजा केले, ९ आले. मग थोडा थांबला आणि आणखी एक वजा करून ८ लिहिलं. मी विचारलं, ‘हा एक कुठला?’ तो म्हणाला, ‘रांगेत एक वजा करतात.’

बघा, सूत्र पाठ होतं, पण तो एक कोण हे त्याला माहीतच नव्हतं. तो एक म्हणजे मीना! डावीकडून मोजताना ती मोजली गेली, उजवीकडून मोजतानाही मोजली गेली, म्हणून एकदा काढायची. अजय आणि विजय मात्र वेगवेगळे आहेत. अजयच्या डावीकडे ५ आणि तो स्वतः, विजयच्या उजवीकडे ४ आणि तो स्वतः. इथे दोनदा कुणीच मोजलं गेलेलं नाही.

आणि गंमत म्हणजे १९ हे उत्तर फालतू नव्हतंच. पर्यायांत १९ हमखास असतं, कारण पेपर काढणाऱ्याला ठाऊक असतं की मुलं इथेच घसरतात. म्हणून मी पत्रात लिहिलं होतं, ‘किती आलं?’ विचारू नका, ‘कसं काढलंस, मला दाखव’ म्हणा. उत्तर बरोबर असेल तेव्हाही म्हणा. फक्त चुकल्यावरच विचारलं, तर ‘कसं काढलंस’ ऐकूनच पोरगं खोडरबर हातात घेतं.

दाखवायला शेंगदाणे पुरतात. ताटात ओळीने मांडा, मीनाच्या जागी एक वाटाणा ठेवा. डावीकडून सात मोजायला लावा, मग उजवीकडून बारा. दुसऱ्या वेळी बोट वाटाण्यावर आलं की मूलच म्हणतं, ‘अरे, ही तर मोजली!’ तिथे तुम्ही गप्प बसायचं. हे फार अवघड आहे. मी वीस वर्षं शिकवते, मलाही कधी कधी ओठ चावून बसावं लागतं.

दडपण आलंय हे कसं ओळखायचं? मूल उत्तर प्रश्नासारखं देतं. ‘अठरा?’ आणि कागदाकडे न बघता तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. तुमची भुवई हलली की ‘नाही नाही, एकोणीस!’ आता ते रांग सोडवत नाहीये, तुम्हाला सोडवतंय. अशा वेळी पर्याय हाताने झाका, स्वतःही पाटावर शेजारी बसा, समोर नको. तरी जमलं नाही तर प्रश्न उद्यावर टाका. दिवसाला तीन प्रश्न भरपूर झाले.

घड्याळाचं म्हणाल तर ते नंतर येऊ दे. एका प्रकारचे पाच-सहा प्रश्न मूल कारणासकट सांगू लागलं की वेळ आपोआप खाली येतो. मग परीक्षेआधीच्या महिन्यात दहा प्रश्नांचा गट घ्या, एकूण बारा मिनिटं, आणि घड्याळ मुलाच्याच हातात द्या. प्रत्येक प्रश्नाला ‘चल, वेळ संपली’ नको. काही प्रश्न वीस सेकंदांत होतात, तिथे वाचलेला वेळ आकृत्यांच्या प्रश्नांना लागतो.

मागून एक आजोबा विचारताहेत, ‘सूत्र शिकवायचंच नाही का?’ शिकवा की आजोबा, पण दाण्यांनंतर. आणि मग हे विचारा : त्याच २० मुलांच्या रांगेत अजय डावीकडून १४वा, विजय उजवीकडून १२वा. मध्ये किती? वजाबाकी करत गेलात तर उणे सहा येतात! विजयची जागा डावीकडून मोजा, तो ९वा निघेल. म्हणजे तो अजयच्या अलीकडेच उभा आहे. मध्ये १०, ११, १२ आणि १३, अशी चार मुलं. हे मी परवा स्टाफरूममध्ये विचारलं होतं. आम्हा तिघींपैकी दोघींनी दाणे मागवले.