जुन्या गाडीत बाटली ओतण्याआधी टॅपेट मोजा

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात आमची मॉरिस मायनर रस्त्यावर काढल्याचा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून खाली एकच प्रश्न फिरतोय. "दादा, ही गाडी शिशाच्या पेट्रोलवर चालायची. आताच्या पेट्रोलने व्हॉल्व्ह जातात म्हणे. तुम्ही शिशाऐवजी पेट्रोलमध्ये कुठली बाटली टाकता?" चाळीसेक लोकांनी विचारलंय. तर आज तेवढंच.

आधी पटकन मुळापासून सांगतो. इंजिन ठोकू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायचे. 1921 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनी हे शोधलं. शिसं विषारी आहे, आणि पोरांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, म्हणून जगभर ते बंद झालं. आपल्याकडे 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर बंद. ठोकण्याचा प्रश्न आज आपल्या जुन्या गाड्यांना फारसा नाही, कारण आताच्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन निदान 91 असतं. आमच्या मॉरिसचं कॉम्प्रेशन 8.3, तिला ते पुरून उरतं. त्यामुळे "मी महागडं प्रीमियम टाकतो, मला काळजी नाही" असं ज्यांनी लिहिलंय त्यांना सांगतो, तुम्ही जास्तीचे पैसे भलत्याच दुखण्यावर घालवताय. ऑक्टेनचा आणि व्हॉल्व्हच्या सीटचा, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना ज्या कडेवर बसतो तिचा, काही संबंध नाही.

सीटचं दुखणं असं आहे. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह लालभडक तापतो आणि दर मिनिटाला हजारेक वेळा सीटवर आपटतो. मॉरिसचं, जुन्या अ‍ॅम्बॅसडरचं हेड बिडाचं, आणि सीट त्याच बिडात कोरलेली. तापलेला व्हॉल्व्ह त्या मऊ बिडाला क्षणभर चिकटतो, उचलला की सीटचा कण ओढून नेतो. ते कण व्हॉल्व्हच्या तोंडावर बसतात आणि व्हॉल्व्हच सीटला कानसीसारखा घासायला लागतो. शिसं जळून जो पातळ थर तिथे बसायचा, तो या दोघांना चिकटू देत नव्हता. शिसं टाकलं होतं ठोकणं थांबवायला, पण फुकटात हेही काम होत होतं.

पद्मिनीवाल्यांनी घाबरून मेसेज केलेत. तुमचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. अ‍ॅल्युमिनियमवर व्हॉल्व्ह थेट आपटवता येत नाही, म्हणून तिथे कारखान्यातूनच वेगळी सीट रिंग बसवलेली असते. तुम्हाला हा धोका पुष्कळ कमी. इनलेटच्या व्हॉल्व्हची चिंताही सोडा, ते येणाऱ्या गार मिश्रणाने थंड राहतात.

आता मुद्द्याचं. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर हेडमध्ये शिरतो. व्हॉल्व्ह वर सरकला की त्याचं शेपूट त्याला दाबणाऱ्या रॉकरच्या जवळ येतं. म्हणजे त्या दोघांमधली टॅपेटची फट कमी होते. सीट जितकी झिजली तितकीच फट कमी. हेड न उघडता सीटची झीज मोजायचं साधन तुमच्या टूलबॉक्समध्ये आहे, शंभर-दीडशे रुपयांचं फिलर गेज. तरी लोक दोन-दोन हजारांची बाटली आणतात आणि फट एकदाही मोजत नाहीत. याचा मला मनापासून त्रास होतो.

[क्लोजअप: रॉकर, व्हॉल्व्हचं शेपूट, मध्ये फिलरचं पान]

हे बघा. मॉरिसची फट थंड इंजिनवर बारा थाऊ, म्हणजे 0.30 मिलिमीटर. पुढून मागे मोजले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह 1, 4, 5 आणि 8. मोजायची युक्ती नऊची. 8 नंबर पूर्ण दाबला गेला की 1 मोजायचा, 5 दाबला की 4, 4 दाबला की 5. बेरीज कायम नऊ. पान अडकत-सरकत गेलं पाहिजे, लोण्यातून सुरी जावी तसं नाही. एक जागा फसवते. जुन्या रॉकरच्या तोंडाला खळगा पडलेला असतो आणि सपाट पान त्या खळग्यावर पुलासारखं बसतं. मग गेज बारा दाखवतं आणि खरी फट सोळा असते. खळगा बोटाला लागला तर आधी रॉकर बदला, नाहीतर सगळे आकडे खोटे.

हेच दुसऱ्या बाजूने सांगतो. एका काकांनी लिहिलंय, "माझं इंजिन पूर्वी टिकटिक करायचं, अनलेडेडवर उलट शांत झालं, तेव्हा हे सगळं थोतांड आहे." काका, कृपा करून आजच गाडी उभी करा आणि फट मोजा. टिकटिक हा फटीचा आवाज असतो. काहीही न करता टॅपेट गप्प झाला तर फट भरत चाललीय. ती शून्य झाली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटणार नाही, जळता वायू व्हॉल्व्ह आणि सीटच्या मधून सुटेल आणि व्हॉल्व्हची कड वितळल्यासारखी खाऊन जाईल. टिकटिक करणारी गाडी मला परवडते, अशी गप्प झालेली नाही.

आणि तिसरी बाजू, जी मी स्वतः भोगली. आमची गाडी 1958 ची. पहिले मालक डॉक्टर होते, विलायतेहून येताना त्यांनी ती बोटीने आणली, त्यांच्याकडून माझ्या वडिलांनी घेतली. 2016 साली मी तिचं हेड करून घेतलं. सीटवरून कटर फिरवला, व्हॉल्व्ह घासून बसवले, सगळं चकचकीत. वडिलांच्या काळापासून सीटवर बसलेला शिशाचा थर त्या चकचकाटात निघून गेला, हे मला तेव्हा कळलं नाही. मग पुणे-कोल्हापूर फेऱ्या सुरू झाल्या, ताशी नव्वदने. या गाडीत नव्वद म्हणजे सुमारे 3,700 आरपीएम, तेही तासन् तास. दर सर्व्हिसला गॅरेजवाले टॅपेट बारावर सेट करून द्यायचे. काम चोख. पण सेट करण्याआधी फट किती होती ते कोणी लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. स्क्रू फिरवला की पुरावा पुसला! असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा कराडच्या पुढे गाडी मिस करायला लागली. कॉम्प्रेशन बघितलं तर तिसऱ्या सिलिंडरचं बाकीच्यांच्या निम्मं. हेड उघडलं तर 5 नंबरची सीट खोल गेलेली, व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढा तुकडा खाल्लेला. 4 आणि 5 शेजारी-शेजारी असतात, दोघांचा धूर एकाच पोर्टमधून जातो, त्यामुळे ती जागा सगळ्यात जास्त तापते. झीज तिथे आधी दिसते.

म्हणून सेट करण्याआधी मोजा, वहीत लिहा, मग सेट करा. किलोमीटर, तारीख, आठ आकडे. गॅरेजला देत असाल तर आधीचे आकडे मागून घ्या.

आकडे कसे वाचायचे? माझ्या मित्राच्या मॉरिसची वही माझ्याकडे आहे, तिचं हेडही तसंच नुकतं केलेलं. सगळे बारावर लावून हायवेला 1,600 किलोमीटर झाले. इनलेट चारही बारावरच. एक्झॉस्ट 1 आणि 8 अकरा, 4 नंबर नऊ, 5 नंबर आठ. इनलेट जागेवर आणि मधले दोन एक्झॉस्ट घटलेले, ही सीट झिजल्याची खूण. सगळे आठ सारखेच हलले असते तर दुसरं काही कारण शोधलं असतं. पुन्हा बारावर लावून त्याने पुढचे 1,500 किलोमीटर शहरात आणि साठ-सत्तरच्या आत काढले. आकडा हलला नाही. या दुखण्याला वेग आणि भार लागतो. रविवारी डेक्कनला चहा पिऊन परत येणाऱ्या गाडीला बाटलीची गरजच पडत नाही.

हायवे हवाच असेल आणि हेड इतक्यात उघडायचं नसेल, तर बाटली कामाची आहे. ब्रिटनमधल्या हिस्टॉरिक व्हेइकल क्लब्जच्या महासंघाने मॉरिसच्याच जातीच्या ए-सिरीज इंजिनावर अशा द्रव्यांच्या चाचण्या करून घेतल्या होत्या, आणि त्यांतली काही खरंच टिकली. यांत मुख्य चार जाती आहेत. फॉस्फरस, सोडियम, पोटॅशियम आणि मँगनीज. बाटलीवर जात वाचा, एक निवडा आणि तीच धरा. दोन जाती एकत्र करू नका, ब्रँड बदलायचा तर टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्या. पेट्रोल भरण्याआधी ओता म्हणजे नीट मिसळतं. माप बाटलीवरचंच. दुप्पट टाकून दुप्पट संरक्षण मिळत नाही, प्लगवर आणि व्हॉल्व्हवर राख साचते. मँगनीजच्या जातीने प्लग विटकरी दिसतो, त्याला घाबरू नका. मित्राने फॉस्फरसवालं धरलं, तोच हायवे, 1,600 किलोमीटर. 5 नंबर बाराचा साडेअकरा. एका गाडीचा अनुभव आहे, पण तुमच्या गाडीचं उत्तर तुम्हाला याच रीतीने मिळेल.

"पेट्रोलमध्ये थोडं टू-टी टाकतो, वडीलही टाकायचे." हे प्रत्येक व्हिडिओखाली येतं. टू-टी ऑइल मुद्दाम असं बनवतात की जळल्यावर राख जवळजवळ उरू नये. सीटला तर वाचवणारा थर हवाय. शिवाय तेलाने ऑक्टेन उतरतं. टाकीत सोडायच्या धातूच्या गोळ्यांचंही तसंच. शिसं पेट्रोलमध्ये पूर्ण विरघळलेलं असायचं, म्हणून प्रत्येक स्फोटात सीटपर्यंत पोचायचं. टाकीच्या तळाशी पडलेली गोळी तिथे कशी पोचणार? आणि कोणी "खरं शिसं" मिळवून देतो म्हणालं तर हात लावू नका. ते कातडीतूनही अंगात जातं.

साताऱ्याच्या एका ताईंनी लिहिलंय की आजोबांची गाडी 1994 पासून वाड्यात उभी होती, आता काढली, हजार किलोमीटर झाले, काही झालं नाही. ताई, तुमच्या सीटवर अजून जुना थर आहे. तो काही काळ पुरेल, हेड उघडून घासलं तर त्याच दिवशी जाईल. म्हणून उगाच उघडू नका, पण वही आजच सुरू करा.

आणि हेड कधी ना कधी उघडावं लागेलच, तेव्हा चारही एक्झॉस्टला कडक सीट रिंग बसवून घ्या. नुसतं घासून घेतलं तर झिजलेला व्हॉल्व्ह आणखी खोल जातो. काम जपून देणाऱ्या मशिन शॉपलाच द्या. आधी व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो ते गाइड बघायचे, कारण रिंगचा मध्य गाइडवरून धरतात. रिंग घट्ट बसली पाहिजे, सैल असली तर तापल्यावर सुटते. आणि बीड जास्त कोरलं तर खाली पाण्याची वाट आहे. आमच्या हेडला 4 आणि 5 च्या मध्ये आधी तडा नाही ना, हे तपासायला लावलं, मगच कटर चालवू दिला.

इथेनॉलबद्दल विचारलंय, ते पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचं दुखणं आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.

आमच्या गाडीला रिंग बसवून 9,000 किलोमीटर झालेत, बाटलीशिवाय. काल सकाळी थंड इंजिनवर मोजलं. 4 नंबर बारा, 5 नंबर बारा. तुमचे आकडे खाली लिहा, पण कुठल्या नंबरचा व्हॉल्व्ह आणि किती किलोमीटरनंतर, तेही लिहा, म्हणजे मला काही सांगता येईल.