राजांगणातलं पाणी आरशासारखं कसं राहतं

(फोंड्यातल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन, बोलण्याचा बाज तसाच ठेवून)

नमस्कार मंडळी. मला राजांगणातल्या पाण्यावर बोला म्हणून सांगितलं, तर मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. समोरची भिंत पाण्यात अख्खी दिसायला हवी आणि कारंजंही हवं, या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी कशा जमवायच्या. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस दोन्ही मागतो, आणि कारंजं टाकीच्या मधोमध मागतो. मधोमध एक मीटर उंच धार उडवली की आरसा गेलाच समजा.

आधी आरशाचं बघू. जवळचंच उदाहरण घ्या, आपली साफा मशीद, १५६० सालची, तिच्या शेजारची चिऱ्याची तळी सगळ्यांनी बघितलेली आहे. तिथं पाणी जमिनीच्या बरंच खाली आहे, म्हणून काठावर उभं राहिलं की पाण्यात दिसतात ते पलीकडच्या भिंतीतले कमानीदार कोनाडे आणि पायऱ्या. म्हणजे पाण्यात काय दिसणार हे तुमचा डोळा पाण्यापासून किती वर आहे आणि पाण्याची कड कुठे संपते यावर ठरतं. टाकी किती खोल आहे याचा त्याच्याशी काही संबंध नाही, वीतभर पाणी पुरतं. लोक चार फूट खोल खणतात आणि मग लहान मुलांच्या काळजीनं वर जाळी टाकतात, आणि जाळी टाकली की त्यात बघायचं तरी काय.

आता मी जे काम केलं त्याचेच आकडे घेतो, जुनं चिऱ्याचं घर, मधे राजांगण, मालकांना ओसरीवर खुर्ची टाकून समोरची पांढरी भिंत पाण्यात बघायची होती. खुर्चीपासून भिंत १० मीटर. भिंत पाण्यापासून वळचणीपर्यंत साडेचार मीटर. ओसरीचं जोतं धरून बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून दीड मीटर वर. साडेचार आणि दीड, म्हणजे तीनास एक. तर १० मीटरचं अंतर तीनास एक असं वाटा, भिंतीकडून साडेसात मीटर आणि तुमच्याकडून अडीच मीटर, त्या जागी पाण्यात वळचण दिसते. म्हणजे पाण्याची अलीकडची कड तुमच्यापासून अडीच मीटरच्या आत यायला हवी, नाहीतर छप्पर कापलं जातं. आणि भिंतीकडची कड? ती भिंतीला चिकटलीच पाहिजे असं सगळ्यांना वाटतं, पण आम्ही दीड मीटर फरशी सोडली, तरी भिंतीचा खालचा फक्त २६ सेंटिमीटरचा पट्टा गेला, वीतभराहून थोडा जास्त. पाणी भिंतीला चिकटवलं असतं तर चिऱ्यात ओल चढली असती, ते वेगळंच. तेव्हा पैसे आणि जागा अलीकडच्या कडेवर घाला. आमची टाकी झाली ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल, म्हणजे साधारण ३६०० लिटर पाणी.

पुढची गोष्ट तळाच्या रंगाची, आणि इथं खूप लोक फसतात. पाणी काही काचेच्या आरशासारखा सगळा उजेड परत देत नाही. लांबवर, भिंतीजवळ, तुमची नजर पाण्याला जवळजवळ घासून जाते, तिथं शंभरातला साधारण पस्तीसेक भाग उजेड परत येतो. पण तुमच्या पायाजवळच्या कडेला, जिथं वळचण दिसायची आहे, तिथं नजर तिरकी खाली जाते आणि शंभरातले जेमतेम पाच-सहाच भाग परत येतात, बाकीचा उजेड पाण्यात शिरून तळाला जातो. तळाला निळी टाईल किंवा पांढरी फरशी असेल तर तो उजेड तिथून परत वर येतो आणि ते पाच-सहा भाग त्यात बुडून जातात, मग तुम्हाला तळ दिसतो, घर दिसत नाही. म्हणून तळ काळा हवा. आपल्याकडे कडप्पा स्वस्तात मिळतो म्हणून तो घालतात, चालतो, पण लक्षात ठेवा कडप्पा हा चुनखडीचाच दगड आहे, पाण्याच्या रेषेवर क्षाराचा पांढरा पट्टा आला म्हणून कुणी अ‍ॅसिड ओतलं तर दगडच खाल्ला जातो आणि काळा होता तो राखाडी होतो. मी आता काळा ग्रॅनाइट घालतो, पॉलिश न केलेला, कारण साफ करायला उतरलेला माणूस पॉलिशवर घसरतो.

आणि भिंतीवर ऊन हवं, बघणारा सावलीत हवा. भिंतीचं तोंड पूर्वेला असेल तर सकाळी दोन्ही आपोआप जमतं. आपल्याकडे सकाळी वाराही पडलेला असतो, दुपारकडे समुद्रावरून वारा सुटला की उघड्यावरचं पाणी खवल्याखवल्यांचं दिसायला लागतं. राजांगणाला चारी बाजूंनी भिंती असतात म्हणून तिथं तो वारा बराच अडतो.

आता कारंजं. पाण्याची लहर एक अंशानं जरी तिरकी झाली तरी प्रतिबिंब दोन अंशांनी हलतं, आणि आठ मीटरवरच्या भिंतीवर दोन अंश म्हणजे जवळजवळ २८ सेंटिमीटर. म्हणजे खिडकीची कड वीतभर वरखाली नाचणार. पण सगळ्या लहरी सारख्या नसतात हो, हे मला फार उशिरा कळलं. बारीक लहर, दोन शिखरांमधे एक-दोन सेंटिमीटर अंतर असलेली, ती पाण्याच्या स्वतःच्या चिकटपणानंच काही सेकंदात विरते, मीटरभर जाईपर्यंत तिच्यात अर्धाही जीव उरत नाही. आणि १० सेंटिमीटरची लहर दोन मिनिटं टिकते, भिंतीला आपटून परत येते, दुसरीला भेटते, आणि मग सगळी टाकी सतत हलत राहते. जाड धार वरून पडली की या मोठ्या लहरी उठतात. तर आपल्याला हवी ती फक्त बारीक लहर, आणि तीही कडेला.

हे कोडं स्पेनमधे ग्रॅनाडाच्या अल्हंब्रा राजवाड्यात चौदाव्या शतकात सोडवून ठेवलेलं आहे. तिथल्या मेंदीसारख्या झुडपांच्या चौकात साधारण ३४ मीटर लांब टाकी आहे आणि तिच्यात कोमारेस बुरूज उलटा दिसतो. कारंजी आहेत, पण टाकीत नाहीत, दोन्ही टोकांना फरशीत बसवलेल्या संगमरवरी परातींमधे आहेत. पाणी परातीत उसळतं, तिथंच आपला जोर घालवतं आणि मग एका छोट्या पन्हळीतून सरपटत टाकीत जातं. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा खूप वेळ त्या पन्हळीपाशीच उभा होतो.

आम्ही तेच केलं. ओसरीच्या पायरीशी ६० सेंटिमीटरची दगडी परात, त्यात पाणी चार बोटं वर उसळतं एवढंच, आवाज येतो, मुलं हात घालतात, मालकांना कारंजं मिळालं. तिथून १० सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर खोल पन्हळ, दोन मीटर लांब. पंप तासाला १००० लिटरचा. या हिशोबानं पन्हळीत पाणी सेकंदाला साडेपाच सेंटिमीटर सरकतं. हा आकडा महत्त्वाचा का, तर पाणी सेकंदाला २३ सेंटिमीटरपेक्षा सावकाश वाहत असेल तर वाटेत खडा, कड, काहीही आलं तरी तिथं उभी लहर तयारच होत नाही. दुसरी अट अशी की पन्हळीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी एकाच पातळीला हवं, मधे बोटभराचीही पायरी नको, पडलं की लहर आली. तपासायला मी एक कुरमुरा सोडतो. तो न डुलता पन्हळीतून टाकीत गेला तर काम बरोबर आहे, तोंडाशी गिरकी खाल्ली तर गवंड्याला परत बोलवायचं.

पाणी बाहेर कसं जातं? भिंतीकडच्या तीन मीटरच्या कडेवरून, पातळ पापुद्र्यासारखं, खालच्या खाचेत आणि तिथून झाकलेल्या बॅलन्सिंग टाकीत, परत पंपाला. यानं पृष्ठभागावरची धूळ, आंब्याचा मोहोर, तेलकट साय सगळं निघून जातं, आणि ती साय हीच आरशाची सगळ्यात मोठी शत्रू. पण तो पापुद्रा दीडच मिलिमीटर जाड असतो. कड एका टोकाला दोन मिलिमीटर जरी खाली बसली तरी सगळं पाणी त्याच कोपऱ्यातून जातं आणि दुसऱ्या कोपऱ्यात कचरा साचतो. कचरा एकाच कोपऱ्यात दिसला की फिल्टर बदलू नका, कडेची लेव्हल बघा. माझ्या एका आधीच्या कामात हेच झालं होतं आणि मी तीन महिने फिल्टर बदलत बसलो, त्या लोकांचा खर्च वाया गेला त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता कड मी नळीनं दर अर्ध्या मीटरवर स्वतः तपासतो.

उन्हाळ्यात रोज साधारण पाच मिलिमीटर पाणी उडतं, आमच्या टाकीत ते दिवसाला ९० लिटर झालं. पण पंप चालू असतो तोवर ही घट खालच्या बॅलन्सिंग टाकीत दिसते, वरची पातळी जागची हलत नाही, कड भरलेली राहते. मग गळती आहे की नुसतं पाणी उडतंय हे कसं ओळखायचं? पंप बंद करा, एक बादली टाकीतच ठेवा, तिच्यात टाकीएवढ्याच पातळीपर्यंत पाणी भरा, दोन्हीकडे खडूनं खूण करा आणि पाऊस नसताना २४ तास थांबा. दोन्ही सारखं उतरलं तर ऊन प्यायलं, टाकीत जास्त उतरलं तर गळतीच. चिरा पाणी पितो, म्हणून चिऱ्यावर नुसता गिलावा करून टाकी कधीही बांधू नका, आत काँक्रीटची वेगळी टाकी हवी आणि फरशी घालायच्या आधी पाणी भरून ठेवून बघायला हवं.

डासांचं कुणीतरी विचारणारच. आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो, आणि अळीला श्वासाला वर यावं लागतं, त्यामुळे कडेवरून वाहणारं पाणी बऱ्याच अळ्या घेऊन जातं, पण कोपऱ्यातल्या राहतात. त्यासाठी गप्पी मासे सोडा, आणि मासे सोडले की क्लोरीन टाकायचं नाही, ते मरतात. गप्पी वर येऊन तोंड लावतो तेव्हा एवढीशी गोल लहर उठते आणि हातभर जाईपर्यंत जाते. मला ती आवडते.

टायमर आम्ही असा लावलाय की सकाळी साडेसातला पंप थांबतो, मालक चहा घेऊन येतात तेव्हा परात गप्प झालेली असते, मोठी लहर असली तरी दहा मिनिटांत विरते, भिंतीवर ऊन आलेलं असतं आणि वळचणीची सगळी कौलं मोजता येतात. साडेआठला पंप परत सुरू. जूनपासून मात्र पाऊस पाण्यावर आपटत राहतो, तेव्हा आरसा नाही, तेव्हा फक्त मोठा ओव्हरफ्लो पाईप उघडा आहे ना आणि त्यात पानं अडकली नाहीत ना, एवढंच रोज बघायचं.