बारा टक्के पॅरासिटामॉल गेलं कुठं?

(छत्रपती संभाजीनगर इथं एम.फार्मच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बसा बसा, मागं जागा आहे. आज विषय फोर्स्ड डिग्रेडेशन, म्हणजे औषध मुद्दाम तोडायचं आणि आपली एचपीएलसी मेथड तुकडे वेगळे दाखवते का ते बघायचं. अ‍ॅसिड, बेस, पेरॉक्साइड आणि हीट हे चारी स्ट्रेस सारख्या मापानं सांगत बसणार नाही, ते तुमच्या सेमिनारमधे कायमच असतं. एकच औषध घेऊ, पॅरासिटामॉल, आणि त्याच्या अ‍ॅसिडच्या नमुन्यावरच जास्त वेळ घालवू, कारण तिथंच बहुतेक मेथड उघड्या पडतात.

करायचं असं. एक मिलिग्रॅम पर मिली स्टॉक करायचं, त्यातलं 5 मिली 50 मिलीच्या फ्लास्कमधे घ्यायचं, 5 मिली एक नॉर्मल एचसीएल टाकायचं आणि 80 डिग्रीच्या वॉटर बाथमधे ठेवून द्यायचं. दोन्ही मिसळल्यावर आतलं अ‍ॅसिड अर्धा नॉर्मलच राहतं, रिपोर्टमधे ते लिहायला पोरं विसरतात. मग तासातासानं एकेक फ्लास्क काढायचा, गार करायचा, 5 मिली एक नॉर्मल एनएओएच टाकून न्यूट्रल करायचा आणि डायल्युएंटनं 50 पर्यंत भरायचा. आता औषध मुळात 100 मायक्रोग्रॅम पर मिली असायला पाहिजे. न्यूट्रल केल्याशिवाय इंजेक्ट करू नका, एकतर कॉलम खराब होतो आणि दुसरं म्हणजे व्हायलमधे रिअ‍ॅक्शन चालूच राहते, सकाळचं इंजेक्शन आणि संध्याकाळचं इंजेक्शन जुळत नाही. सोबत ब्लँक पण तसाच करायचा, औषध सोडून सगळं तेच, तेवढाच वेळ बाथमधे.

किती तुटू द्यायचं? साधारण 5 ते 20 टक्के. त्याच्यापेक्षा जास्त तुटलं की पहिल्या डिग्रेडंटचे पण तुकडे पडायला लागतात आणि शेल्फवर कधी बनणारच नाहीत असले पीक दिसतात, मग त्यांच्यामागं पळत बसा.

आता समजा अ‍ॅसे 88 टक्के आला. क्रोमॅटोग्राम बघितला तर 3.2 मिनिटाला पॅरासिटामॉलचा सुंदर पीक, बाकी बेसलाइन एकदम साफ, पीडीए वर प्युरिटी अँगल थ्रेशोल्डच्या खाली. पोरगं खुश होऊन येतं, सर झालं, मेथड स्टॅबिलिटी इंडिकेटिंग आहे. मी एवढंच विचारतो, बारा टक्के गेले कुठं? सगळ्यांच्या माना खाली.

पॅरासिटामॉलचं अमाइड तुटलं की 4-अमिनोफेनॉल आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड बनतं. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड 243 नॅनोमीटरला दिसत नाही, ते सोडून द्या. पण 4-अमिनोफेनॉल दिसायला पाहिजे ना! ते लपलंय सॉल्व्हंट फ्रंटमधे. मोबाइल फेजचा पीएच 3 ठेवलाय आणि मिथेनॉल 40 टक्के. त्याच्या अमिनचा पीकेए साडेपाचच्या आसपास, म्हणजे पीएच 3 ला ते पूर्ण चार्ज्ड, सी-18 त्याला धरतच नाही, दीड मिनिटात पाण्याबरोबर बाहेर. तुम्ही युरॅसिल इंजेक्ट करून डेड टाइम काढला असता तर लगेच कळलं असतं, 150 गुणिले 4.6 च्या कॉलमवर एक मिली फ्लोला तो दीड मिनिटाच्या जवळपास येतो, आणि त्याच जागेवर नमुन्याचा फ्रंट ब्लँकपेक्षा जाडजूड दिसतो. इंटिग्रेशन आपण दोन मिनिटापर्यंत बंद ठेवलेलं असतं, मग दिसणार कसं!

यावर एकजण म्हणाला, पण मेन पीकमधे तर काही मिसळलेलं नाही, मग अ‍ॅसेसाठी मेथड चालते की. बरोबर आहे, अ‍ॅसेपुरतं भांडता येईल. पण हिशोब लागत नाही तोवर त्या बारातलं थोडं मेन पीकखाली नाहीच, हे कशावरून? पीडीए सांगतो स्पेक्ट्रम एकसारखा आहे, आणि डिग्रेडंटचा क्रोमोफोर औषधासारखाच असला तर पीडीए बापडा काय करणार? एलसी-एमएस लावा, नाहीतर वेगळ्या पीएचची किंवा वेगळ्या कॉलमची दुसरी मेथड लावून अ‍ॅसे तेवढाच येतो का बघा. शिवाय हे 4-अमिनोफेनॉल किडनीला त्रास देणारं, युरोपियन फार्माकोपियात औषधद्रव्यात त्याची मर्यादा 50 पीपीएम आहे. म्हणजे शंभर टक्क्यातलं 0.005. असली गोष्ट सॉल्व्हंट फ्रंटमधे सोडून चालत नाही.

मग काय करायचं, बफर 6.8 च्या आसपास घ्या आणि मिथेनॉल 10 टक्क्यांपर्यंत खाली आणा. अमिन न्यूट्रल होतं, कॉलम त्याला थोडं धरायला लागतो, फ्रंट सोडून वेगळा पीक मिळतो आणि पॅरासिटामॉल आणखी मागं सरकतं. रनटाइम वाढतो, वाढू द्या. आता 4-अमिनोफेनॉलचं स्टँडर्ड आणून तेवढ्याच पीएचला लावा, रिस्पॉन्स फॅक्टर काढा, कारण 243 ला दोघांचा रिस्पॉन्स सारखा नाही, एरिया परसेंटवर हिशोब केला तर फसाल. स्टँडर्ड ताजं करा, हे द्रावण उभं राहिलं की तपकिरी पडतं.

आता हिशोब. समजा 4-अमिनोफेनॉल 8.2 मायक्रोग्रॅम सापडलं. 88 आणि 8.2 मिळवले की 96.2, पोरं म्हणतात पावणेचार टक्के हरवले. अरे, रेणूचा अर्धवट तुकडा वजनात बघायलात तुम्ही! पॅरासिटामॉल 151.16, हे 109.13. बारा टक्क्यांमागं वजनात 8.66 च मिळायला पाहिजे. 8.2 ला 151.16 नी गुणा, 109.13 नी भागा, 11.4 येतात. 88 अधिक 11.4, झाले 99.4. मास बॅलन्स बसला.

बेसमधे मात्र एवढा छान बसणार नाही. तिथं पण तुटतं तेच अमाइड, पण बनलेलं 4-अमिनोफेनॉल अल्कलीत हवेशी लगेच रिअ‍ॅक्ट होतं, फ्लास्क डोळ्यांदेखत तपकिरी होतो. वेळ कमी ठेवा, काढल्या काढल्या न्यूट्रल करा, आणि बॅलन्स 94-95 आला तर कारणासकट तसं लिहा, आकडा ओढूनताणून शंभरवर आणू नका, ऑडिटरला रॉ डेटा मागता येतो.

पेरॉक्साइडमधे गंमत वेगळी. 3 टक्के, अंधारात, रूम टेम्परेचर. पेरॉक्साइड स्वतः फ्रंटजवळच येतं, पोरं तो पीक डिग्रेडंट म्हणून नंबर देऊन मोकळे होतात. ब्लँक ओव्हरले करा, तिथंच उत्तर आहे. आणि रूम टेम्परेचर असं लिहू नका, मे महिन्यात परभणीत एसी बंद असला की बेंचवर 38 पण असू शकतं, थर्मामीटर बघून खरा आकडा लिहा.

हीटला पावडर पेट्रीडिशमधे पातळ पसरून 80 च्या ओव्हनमधे ठेवायची, आठवडाभर. इथं बहुतेक काहीच होणार नाही.

एका मुलीनं विचारलं, सर काहीच झालं नाही तर तापमान वाढवत 150 पर्यंत न्यायचं का, गाइड पाच टक्के तरी दाखवा म्हणतात. नको. 170 च्या जवळ ते वितळतं, आणि वितळलेल्या औषधात जे होईल ते गोळीत होणारच नाही. क्यू1ए मधे हीट स्ट्रेससाठी अ‍ॅक्सिलरेटेडच्या वर दहा-दहा डिग्रीनं चढायला सांगितलंय, 50, 60 असं. तुटत नाही हा पण रिझल्टच आहे, सात दिवस 80 ला ठेवलं, फरक नाही, असं लिहा आणि खाली क्रोमॅटोग्राम जोडा. सेपरेशन सिद्ध करायला अ‍ॅसिडचा नमुना आहेच की.