पानातलं पाणी, पानावरचं पाणी

नमस्कार मंडळी. आज फक्त कोथिंबीर, कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्या यांच्याबद्दल बोलायचं आहे, आणि तेही मुंबईतल्या पावसाळ्यापुरतं. डिसेंबरात या तिघी फारसा त्रास देत नाहीत. जुलैत मात्र संध्याकाळी दादर स्टेशनबाहेर घेतलेली जुडी तिसऱ्या दिवशी काळी, बुळबुळीत होते, आणि आपण फ्रीजला दोष देतो.

कोथिंबिरीच्या बाबतीत दोन पाणी वेगळी ओळखायला हवीत. एक पानाच्या आतलं. ते गेलं की कोथिंबीर माना टाकते, मऊ पडते. दुसरं पानावरचं, म्हणजे पावसाचं किंवा भाजीवाल्याने शिंपडलेलं. ते राहिलं की पान सडतं, कारण सडवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला पानावर पसरायला हा ओलावाच लागतो. आपल्याला आतलं पाणी राखायचं आहे आणि बाहेरचं काढून टाकायचं आहे. नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलं की आतलं राहतं, पण बाहेरचंही आतच अडकतं. जुडी उघडीच फ्रीजमध्ये ठेवली तर बाहेरचं जातं, पण त्याबरोबर आतलंही जातं, कारण फ्रीजची हवा कोरडी असते. बंद डबा आणि कागद एकत्र वापरायचे ते एवढ्याचसाठी. डबा पानाला सुकू देत नाही आणि कागद वरचा ओलावा टिपून घेतो.

आता एक जुडी घेऊन सगळं पाहू. मध्यम आकाराची, पावसात भिजलेली, मुळांना चिखल असलेली. विकत घेतानाच बांधाच्या आत, अगदी मधोमध बोट घालून बघा. तिथे गरम लागलं किंवा बोट चिकट झालं तर ती जुडी घेऊ नका. तोडल्यानंतरही भाजी श्वास घेत असते, त्यातून उष्णता निघते, आणि घट्ट बांधलेल्या ओल्या जुडीत ती कोंडते. सडायला सुरुवात झाली असेल तर पुढे कितीही कागद गुंडाळला तरी उपयोग होत नाही.

घरी आलात की चहा ठेवायच्या आधी बांध सोडा. सिंकवर जुडी मुळांकडून धरून झटका, बरंच पाणी तिथेच पडतं. मग मुळं आणि त्यांच्या वरचा बोटाच्या पेरभर भाग कापून टाका, कारण सगळी माती तिथेच असते. त्याहून वर कापू नका आणि पानं खुडून ठेवू नका. प्रत्येक काप म्हणजे जखम असते. तिथून पाणी झिरपतं आणि काळेपणाही तिथूनच सुरू होतो. बारीक चिरून ठेवलेली कोथिंबीर आधी खराब होते ती याच कारणाने. पिवळी, काळी आणि चुरगळलेली पानं मात्र एकेक करून काढा. एक सडकं पान शेजारची चार पानं घेऊन जातं.

धुवायची का? नाही. वापरायच्या वेळी, लागेल तेवढीच धुवा.

यानंतर सुती पंच्यावर ती विरळ पसरा आणि पंखा मध्यम वेगावर ठेवा. इथेच बहुतेकांची घाई होते. पावसाळ्यात हवाच दमट असल्यामुळे तासभर तरी लागतो. मे महिन्यात अर्ध्या तासाच्या वर ठेवली तर ती कोमेजेल. घड्याळापेक्षा कागदावर विश्वास ठेवा. टिश्यूचा तुकडा पानांवर हलकेच दाबायचा. त्यावर ओला डाग उमटला तर अजून वेळ आहे. डाग नाही आणि काडी हातात धरल्यावर ताठ उभी राहते, तर ती डब्यात जायला तयार आहे.

डबा पूर्ण कोरडा हवा. झाकणाच्या खाचेत पाणी राहतं, तेही पुसा. तळाशी कागद, त्यावर कोथिंबीर न दाबता, वरून पुन्हा कागद, मग झाकण. कागद म्हणजे किचन टिश्यू किंवा कोरा कागद. धुतलेलं मऊ सुती फडकंही चालतं. वर्तमानपत्र नको. त्याची शाई अन्नाला लागू नये म्हणून भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१६ मध्येच सूचना काढली होती, आणि ओलसर पानांना शाई लवकर लागते.

मुंबईसाठी सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. एकाच मोठ्या डब्याऐवजी दोन करा. एक रोजच्या वापराचा, दुसरा चार-पाच दिवस न उघडायचा. जुलैत आपल्या स्वयंपाकघरातल्या हवेत इतकी वाफ असते की फ्रीजमधून काढलेला डबा बघता बघता ओला होतो. तुम्ही झाकण उघडून ओट्यावर फोडणी होईपर्यंत ठेवलंत, तर तीच वाफ थंड पानांवर पाणी होऊन बसते. आपण तासभर पंख्याखाली घालवलेलं पाणी दोन मिनिटांत परत येतं. म्हणून चिमूटभर काढा, झाकण लावा, डबा आत.

झाकणाला आतून थेंब दिसले तर झाकण पुसा आणि कागद बदला. दोन-तीन दिवसांनी कागद हाताला ओलसर लागला तरी बदला. डबा फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे पानं गोठून पाणचट होतात. पिकलेले टोमॅटो आणि केळी यांच्यापासूनही दूर ठेवा. त्यांच्यातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने पानं लवकर पिवळी पडतात. एवढं सांभाळलं तर चांगली घेतलेली जुडी दहा-बारा दिवस सहज जाते.

कढीपत्त्याचं पान जाड आणि वरून मेणचट असल्यामुळे त्याचं आतलं पाणी सावकाश जातं. आठवड्यात संपणार असेल तर पानं काडीलाच राहू द्या. जास्त दिवस ठेवायचा असेल तर पानं ओरबाडून घ्या, जाड काड्या काढून टाका, आणि कोथिंबिरीसारखंच कोरडं करून कागदासकट डब्यात भरा. उन्हात वाळवू नका, वास उडून जातो.

मिरचीत बहुतेक वेळा सडणं सुरू होतं ते देठाच्या टोपीखाली, कारण तिथे पाणी अडकून राहतं. देठ हलकेच फिरवून काढा. ओढलात तर सालीचा तुकडा निघतो आणि मिरची उघडी पडते. अशी फाटलेली मिरची आजच्याच भाजीत वापरा. बाकीच्या पुसून, कागद घालून डब्यात भरा आणि तो डबा खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. मिरचीला फार गारवा सोसत नाही. जास्त थंडीत बरेच दिवस राहिली तर सालीवर बारीक खड्डे पडतात आणि आतल्या बिया तपकिरी होतात. दोन आठवडे मात्र काही बिघडत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं की डब्यातल्या काही मिरच्या लाल झाल्या, त्या टाकाव्यात का. लाल होणं म्हणजे पिकणं, त्या खुशाल ठेच्यात घाला. देठाच्या जागी मऊ लागत असेल किंवा चिरल्यावर आत करडी लव दिसली तर मात्र ती अख्खी मिरची टाका, तिला चिकटून असलेल्या मिरच्या एकेक तपासा, आणि डबा धुऊन पूर्ण वाळल्यावरच पुन्हा भरा.