पाठीशी ऊन, समोर पाऊस

नमस्कार श्रोतेहो. बाहेर सर येऊन गेली आहे, डोंगर धुऊन निघाले आहेत आणि तुमच्या जलरंगाच्या कागदावर तेच दृश्य जवळजवळ पुरं झालं आहे. आता त्यात इंद्रधनुष्य हवं. ते कुठे काढायचं आणि किती फिकट ठेवायचं, एवढंच आज बोलू या. पण त्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण सगळा मुद्दा तिच्यातच आहे.

जॉन एव्हरेट मिले हा एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश चित्रकार. निसर्गातलं जे दिसेल ते पानापानासकट रंगवायचं, असा हट्ट धरणाऱ्या तरुण चित्रकारांपैकी एक. त्याचं ‘द ब्लाइंड गर्ल’ नावाचं तैलचित्र आहे. 1854 मध्ये त्याने ते सुरू केलं, 1856 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत ते लागलं आणि आज ते बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. मागचा देखावा ससेक्समधल्या विंचेल्सी गावचा. पाऊस नुकताच थांबलेला, कुरणं ओली, आकाश काळंनिळं, आणि त्या आकाशात एकाबाहेर एक असलेली दोन इंद्रधनुष्यं. पुढे रस्त्याच्या कडेला एक आंधळी मुलगी बसली आहे. मांडीवर छोटं वाद्य, शालीवर बसलेलं फुलपाखरू. शेजारची लहान बहीण तिच्या शालीतून मान वळवून मागे पाहते आहे, इंद्रधनुष्याकडे.

आता बसण्याची दिशा लक्षात घ्या. मोठीची पाठ इंद्रधनुष्याकडे आहे, म्हणजे तोंड सूर्याकडे. इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असतं. जिला रंग दिसत नाहीत तिच्या चेहऱ्यावर ऊन, आणि रंग तिच्या पाठीमागे. ही रचना सुंदर तर आहेच, भूमितीच्या हिशेबातही ती बिनचूक आहे.

आणि असा हा माणूस चुकला कुठे? दुसऱ्या धनुष्यात. शाळेतलं ‘तानापिहिनिपाजा’ आठवा. मुख्य धनुष्यात ‘ता’, म्हणजे तांबडा, बाहेरच्या कडेला आणि ‘जा’, म्हणजे जांभळा, आतल्या कडेला. बाहेरच्या दुसऱ्या धनुष्यात मात्र क्रम उलटा होतो, कारण तिथे प्रकाश पावसाच्या थेंबात एकदा नव्हे, दोनदा परावर्तित होऊन बाहेर पडतो. तिथे तांबडा आत आणि जांभळा बाहेर. म्हणजे दोन्ही धनुष्यांचे तांबडे काठ एकमेकांकडे तोंड करून असतात. मिलेने आधी दोन्हीकडे एकच क्रम रंगवला होता. कुणीतरी चूक दाखवून दिली आणि त्याने दुसऱ्या धनुष्याचे रंग बदलून घेतले. फुलपाखरू टिपणारा डोळा धनुष्यापाशी मात्र सवयीवर विसंबला. तैलरंग होता म्हणून निभावलं. जलरंगात गडद आकाशावर असा पश्चात्ताप सहसा चालत नाही, म्हणून आपल्याला आधीच विचार करावा लागतो.

(ओघात सांगतो, कॅलेंडरवाल्यांनी तर एकाच चित्रात मावळता सूर्य, त्याच्याच शेजारी इंद्रधनुष्य आणि खाली नाचणारा मोर हे तिन्ही बसवलेत. मोराबद्दल माझी तक्रार नाही.)

तेव्हा पहिली गोष्ट, पुन्हा एकदा: पाठीशी ऊन, समोर पाऊस. सूर्याकडे पाठ करून उभे राहा. तुमच्या डोक्याची सावली जिथे पडते, त्या दिशेला धनुष्याच्या वर्तुळाचा मध्य असतो, क्षितिजाच्या खाली. मध्यापासून धनुष्यापर्यंत 42 अंश. हात लांब करून वीत पसरली की साधारण वीस अंश होतात, म्हणजे दोन विती. सूर्य जेवढा वर, तेवढं धनुष्य खाली. सूर्य 42 अंशांच्या वर असेल तर सपाट जमिनीवरून ते दिसतच नाही. पुण्याकडे ऑगस्टच्या मध्यात दुपारी साधारण चार वाजेपर्यंत हीच स्थिती असते, म्हणून भर दुपारच्या देखाव्यात धनुष्य घालू नका.

एक उदाहरण पुरतं करू. ऑगस्टमधली संध्याकाळ, साडेपाच वाजलेले, सूर्य पश्चिमेला वीस अंशांवर, आपण पूर्वेकडे पाहतो आहोत. कागद 38 सेंटिमीटर रुंद, 28 उंच. या रुंदीत तीन विती दृश्य मावतं असं धरलं तर एक वीत म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. क्षितिज खालून नऊ सेंटिमीटरवर घ्या. सूर्य एक वीत वर, म्हणून वर्तुळाचा मध्य क्षितिजाच्या साडेबारा सेंटिमीटर खाली. तो कागदाच्या बाहेर, फळीवर येतो. तिथे टाचणी, 26 सेंटिमीटर दोरा, दोऱ्याच्या टोकाला पेन्सिल. अगदी पुसट कमान काढा. अख्खं धनुष्य कागदात मावणार नाही, दोन्ही पायांमधलं अंतर 45 सेंटिमीटरच्या वर जातं. म्हणून मध्य डाव्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर सरकवा, म्हणजे उजवा पाय चित्रात उतरतो आणि डावी बाजू कागदाच्या कडेला कापली जाते. पट्टा किती रुंद? फक्त सव्वा सेंटिमीटर. कोपऱ्यात बसवलेलं छोटंसं पूर्ण धनुष्य हीच सगळ्यात मोठी चूक, ते चिकटवलेल्या स्टिकरसारखं दिसतं.

सावल्याही जुळवा. सपाट जमिनीवरच्या खांबांच्या आणि झाडांच्या सावल्या आपल्यापासून लांब जातात आणि क्षितिजावर, मध्याच्या थेट वरच्या बिंदूकडे गोळा होतात. सावली आडवी उजवीकडे पडलेली असेल तर धनुष्य कितीही छान रंगवा, डोळ्याला खटकतं.

आता पारदर्शकपणा. इंद्रधनुष्य म्हणजे आकाशावर पडलेला जादा उजेड, म्हणून ते मागच्या ढगापेक्षा गडद होऊच शकत नाही. आकाश अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या राखाडी मिश्रणाचं करा, कारण हे रंग वाळल्यावरही बऱ्यापैकी उचलले जातात. थॅलो ब्लू कागदात मुरतो, तो टाळा. कागद पूर्ण वाळू द्या, हाताच्या पाठीला गार लागता कामा नये. मग ओलसर, पाणी न टपकणाऱ्या मऊ ब्रशने कमानीवरचा रंग अलगद सोडवा आणि टिश्यूने टिपा. ब्रश फार ओला असेल तर वाळताना कडेला फुलकोबीसारखे डाग पडतात. पट्टा पुन्हा वाळला की स्वच्छ पाण्याने ओला करून तीनच रंग लावा: बाहेर गुलाबीसर तांबडा, मध्ये लेमन यलो, आत निळा, तिन्ही चहाच्या पाण्याइतके पातळ. कडा एकमेकांत मिसळू द्या, नारंगी आणि हिरवा आपोआप उमटतात. सात रंगांच्या सात रेघा काढू नका, खऱ्या धनुष्यात अशा रेघा नसतात. सूर्य बुडायला आला असेल तर तांबडा ठेवा आणि निळा जवळजवळ सोडून द्या.

कमानीच्या आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा किंचित उजळ ठेवा. दुसरं धनुष्य हवंच असेल तर ते त्याच मध्यापासून 51 अंशांवर, अर्ध्याहून फिकट, आणि मिलेला आठवून क्रम उलटा. या दोन धनुष्यांमधलं आकाश सगळ्यात काळोखं असतं, तिथे आकाशाच्या राखाडी रंगाचा एक हात जास्त द्या.

राहिला पाय. समोरच्या डोंगराआधीच पाऊस पडत असेल तर धनुष्य डोंगरावरून खाली उतरतं आणि त्यातून डोंगराची हिरवाई दिसत राहते. पाऊस डोंगरामागे असेल तर पट्टा डोंगराच्या कडेलाच थांबवा. जवळचं झाड किंवा घर मात्र पावसाच्या अलीकडे असतं, त्याच्यावरून रंग न्यायचा नाही. खाली येताना ब्रशमधलं पाणी वाढवत जा आणि शेवटचं बोटभर अंतर नुसत्या पाण्याने विरू द्या.