नाणं उडवून दिलेलं उत्तर

‘परीक्षेत तुम्ही कधी कॉपी केली आहे का?’ असं तोंडावर विचारलं, तर केलेली असूनही बरेच जण ‘नाही’च म्हणणार. अशा अडचणीच्या प्रश्नांसाठी स्टॅन्ली वॉर्नर यांनी 1965 मध्ये एक युक्ती मांडली. तिचं नाण्याचं रूप तुम्हाला सांगतो.

मला दिसणार नाही असं नाणं उडवा. छापा आला तर खरं उत्तर द्या. काटा आला तर पुन्हा उडवा. या वेळी छापा म्हणजे ‘हो’, काटा म्हणजे ‘नाही’, मग खरं काहीही असो. आता तुम्ही ‘हो’ म्हणालात तरी मी काय ओळखणार? ते ‘हो’ नाण्याचंही असू शकतं.

समजा, 1000 जणांपैकी 350 ‘हो’ म्हणाले. साधारण 500 जणांचं उत्तर नाण्याने ठरवलं, म्हणजे त्यातले 250 ‘हो’ नाण्याचे. उरलेले 100 ‘हो’ खरं बोललेल्या 500 जणांचे. म्हणजे कॉपी करणारे सुमारे 20 टक्के, हजारात 200. हा अंदाज तीसेक माणसांनी सहज इकडेतिकडे होतो, आणि त्याच्या दुप्पट चुकला तरी नवल नाही. गुप्ततेची किंमत ती.

गुप्तता किती, हेही मोजता येतं. कॉपी केलेला माणूस चारांत तीनदा ‘हो’ म्हणेल, न केलेला चारांत एकदा. म्हणजे एका उत्तरातून संशय जास्तीत जास्त तिप्पट वाढतो. 2006 मध्ये ड्वर्क, मॅकशेरी, निसिम आणि स्मिथ यांनी डिफरन्शियल प्रायव्हसीच्या, म्हणजे गुप्तता अशी मोजण्याच्या पद्धतीच्या, व्याख्येत हीच पट धरली. तिच्या नैसर्गिक लॉगॅरिदमला एप्सिलॉन म्हणतात. इथे तो 1.1 आहे.

खरी खरी उत्तरं एका विश्वासू माणसाकडे जमा केली, आणि त्याने फक्त एकूण आकड्यात नॉइज, म्हणजे नशिबाने ठरलेला थोडा कमीजास्त फरक, मिसळला, तर? एका माणसाने आकडा फार तर 1 ने बदलतो, त्यामुळे नॉइजही थोडा पुरतो. तेवढ्याच एप्सिलॉनला चूक सरासरी एखाद्या माणसाची! फक्त त्या विश्वासू माणसावर भरवसा हवा.

खरा घोळ पुन्हा पुन्हा विचारण्यात आहे. तुम्हाला तोच प्रश्न दहादा विचारला, दर वेळी नवं नाणं उडवलंत, आणि आठदा ‘हो’, दोनदा ‘नाही’ आलं. आठ वेळा संशय तिप्पट झाला, दोन वेळा एक तृतीयांश झाला. हिशेब 729 पटींवर गेला. आडोसा उरलाच नाही. एकूण आकड्यावरचा नॉइजही असाच सरासरीत धुऊन निघतो.

म्हणून प्रायव्हसी बजेट. दर प्रश्नाला 1.1 खर्च, दहा प्रश्नांना 11, आणि बेरीज आधी ठरवलेल्या मर्यादेला टेकली की त्या डेटावर नवा प्रश्न घ्यायचा नाही. महिना उलटला म्हणून हे बजेट पुन्हा भरतं असं मानणं मला साफ चूक वाटतं, कारण बाहेर गेलेली माहिती परत येत नाही. पण तोच प्रश्न पुन्हा आला, तर आधीचंच उत्तर जसंच्या तसं द्यावं. नाणं नव्याने उडवलेलं नसतं, त्यामुळे त्याला काहीच खर्च पडत नाही.